एका परिच्छेदावरून 'हे माणसाचं की यंत्राचं' का ठरत नाही: नव्याने तपासणी करणाऱ्यांसाठी

मजकूर तपासण्याचं काम नव्याने हाती घेतलेल्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चार-पाच ओळी ठेवतं आणि विचारतं, "हे स्वतः लिहिलंय की एआयकडून लिहून घेतलंय?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. तपासणाऱ्यालाही वाटतं की वाचून कळेलच. मलाही वाटायचं. अशाच एका पाच वाक्यांच्या मजकुरावर मी "यंत्राचा" असा शेरा मारला होता. दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्याने हाताने लिहिलेला कच्चा खर्डा आणून दाखवला, त्यातली खाडाखोडसुद्धा. मी माफी मागितली, पण दरम्यान त्या माणसाला चार लोकांसमोर मान खाली घालावी लागली होती. ते मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर मी जी पद्धत पाळतो, ती इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: शब्द मोजा, मगच वाचा

मजकूर हातात आला की आधी तो किती शब्दांचा आहे ते मोजून कागदावर लिहा. हे वाचण्याआधी करायचं, कारण वाचताना मन आपोआप बाजू घेतं आणि मग लांबीकडे कुणी बघत नाही. लांबी का महत्त्वाची, हे समजायला मजकूर-तपासणीतलं एक जुनं उदाहरण सगळ्यात उपयोगी पडतं.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ निबंध छापले गेले. लिहिणारे तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यातले १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, यावर पुढे दीर्घकाळ वाद चालला. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याचा निकाल लावला, तो साध्यासुध्या शब्दांच्या मोजणीवरून. त्यांचा सगळ्यात बोलका शब्द होता 'अपॉन'. हॅमिल्टन हा शब्द हजार शब्दांमागे साधारण तीनदा वापरतो. मॅडिसनच्या लिखाणात तो पाच-सहा हजार शब्दांत जेमतेम एकदा येतो. शैलीतला इतका ठळक फरक दोन माणसांमध्ये क्वचितच सापडतो.

आता समजा, त्या निबंधांतला फक्त १०० शब्दांचा एक परिच्छेद आपल्याकडे आहे आणि त्यात 'अपॉन' एकदाही नाही. म्हणजे तो मॅडिसनचा का? हजारात तीन, म्हणजे शंभरात सरासरी ०.३. हॅमिल्टनचे असे शंभर परिच्छेद घेतले, तर त्यातल्या सुमारे ७४ परिच्छेदांत हा शब्द येणारच नाही. मॅडिसनच्या शंभरातल्या सुमारे ९८ परिच्छेदांत येणार नाही. ७४ आणि ९८. शब्द नसणं दोघांच्याही बाबतीत नेहमीचंच आहे, त्यामुळे तो नाही म्हणून पारडं फारसं झुकतच नाही.

तोच हिशेब २००० शब्दांच्या पूर्ण निबंधावर करा. हॅमिल्टनकडून आता सहा वेळा अपेक्षा आहे. एकदाही न येण्याची शक्यता चारशेत एक इतकी खाली येते. मॅडिसनच्या बाबतीत मात्र तो न येण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास राहते. तोच शब्द, तेच दोन लेखक, फरक फक्त लांबीचा, आणि पुरावा कितीतरी बळकट झाला. शिवाय मोस्टेलर आणि वॉलेस यांनी एका शब्दावर भिस्त ठेवली नव्हती. शेवटच्या हिशेबात ३० शब्द होते, आणि दोन्ही लेखकांचं निर्विवाद लिखाण ढिगाने हाताशी होतं. आपल्यासमोर मात्र पाच ओळी असतात आणि तुलनेला बहुतेक वेळा काहीच नसतं.

मराठीत ही अडचण आणखी एका कारणाने वाढते. लेखकाची सवय ज्या बारीकसारीक शब्दांत दिसते, ते इंग्रजीत सुटे असतात. आपल्याकडे ते नामाला चिकटून येतात: 'टेबलावर', 'घरातून', 'मिनिटांतच'. नुसते सुटे शब्द मोजले तर हे सगळे प्रत्यय मोजणीतून निसटतात. म्हणून प्रत्यय तोडून मोजावं लागतं. आणि इंग्रजीसाठी कुणी सांगितलेली 'इतके शब्द पुरेत' ही मर्यादा मराठीला जशीच्या तशी लावता येत नाही.

दुसरी पायरी: एक पूर्णविराम हलवून बघा

आता माणूस की यंत्र या प्रश्नाकडे येऊ. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी खूण अशी: यंत्राची वाक्यं एकाच मापाची असतात, माणसाची लहान-मोठी. लांब मजकुरात या खुणेला थोडाफार अर्थ आहे. छोट्या मजकुरात ती किती टिकते, हे स्वतः करून बघा. उदाहरणासाठी मी स्वतः लिहिलेला हा परिच्छेद घ्या:

> रोज सकाळी धावायला लागून मला आता दोन महिने झाले आहेत. सुरुवातीला पाच मिनिटांतच दम लागायचा आणि पाय भरून यायचे. हळूहळू वेग कमी ठेवून अंतर वाढवण्याची सवय मी लावून घेतली. आता अर्धा तास न थांबता धावणं जमतं आणि झोपही चांगली लागते. नवीन लोकांनी घाई न करता शरीराचं ऐकावं असं मला वाटतं.

पन्नास शब्द, पाच वाक्यं. वाक्यांची लांबी क्रमाने १०, ९, १०, ११, १०. सरासरी १० आणि त्याभोवतीचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, फक्त ०.७. अगदी इस्त्री केल्यासारखं. शेवटी एक सल्लाही आहे. 'एकसारखी वाक्यं आणि शेवटी उपदेश' ही यादी हातात धरून बसलेला माणूस इथे लगेच शिक्का मारेल.

आता चौथ्या वाक्यातला 'आणि' काढून तिथे पूर्णविराम द्या: 'आता अर्धा तास न थांबता धावणं जमतं. झोपही चांगली लागते.' बाकी एक अक्षरही हलवू नका. लांबी झाली १०, ९, १०, ७, ३, १०. पसारा ०.७ वरून थेट २.८ वर गेला, चौपट. आता तीच यादी सांगते की वाक्यं लहान-मोठी आहेत, म्हणजे माणूस.

हा 'आणि' मी ठेवला की पूर्णविराम दिला, हे मी त्या क्षणी कसा श्वास घेतला एवढ्यावर ठरतं. घाईत टाइप करणारा एक करेल, निवांत बसलेला दुसरं. एवढ्याशा गोष्टीने निकाल उलटत असेल, तर त्या निकालाचा लिहिणाऱ्याशी संबंधच उरत नाही. म्हणून मी नवीन माणसाला सांगतो की कुठलीही खूण वापरण्याआधी मजकुरात असा एक निरुपद्रवी बदल करायचा: एक वाक्य तोडायचं, एखादा शब्द बदलायचा, शेवटची ओळ झाकायची. पुन्हा मोजायचं. उत्तर बदललं, तर ती खूण या मजकुरापुरती बाद. ८०० शब्दांच्या लेखात एका पूर्णविरामाने हा आकडा जेमतेम हलतो. तिथे ऐंशीएक वाक्यं असतात, त्यात एक इकडे-तिकडे झालं तर बिघडत नाही.

हीच चाचणी तपासणीच्या सॉफ्टवेअरवरही करा. बरीचशी सॉफ्टवेअर्स ढोबळमानाने एकच गोष्ट मोजतात: मागचे शब्द पाहून पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. प्रत्येक शब्दाला गुण मिळतात आणि त्यांची सरासरी काढली जाते. पण पहिल्या काही शब्दांच्या मागे संदर्भच नसतो, त्यामुळे तिथले गुण बेभरवशाचे असतात. लांब लेखात हा भाग बुडून जातो. पन्नास शब्दांत तोच मोठा वाटेकरी होतो. शिवाय सरासरीतली चूक लांबीच्या वर्गमुळाने कमी होते: मजकूर चौपट केला तर चूक निम्मी, सोळापट केला तर पाव. ५० शब्दांवरून ८०० वर गेलात तेव्हा कुठे चूक पावपट झाली. हाही उदार हिशेब आहे, कारण तो प्रत्येक शब्दाला स्वतंत्र साक्षीदार धरतो. एका परिच्छेदातले शब्द एकाच विषयावरचे, एकाच मूडमधले असतात. पन्नास साक्षीदार दिसतात, पण ते सगळे एकाच घरातले.

तिसरी पायरी: खुणा आधी लिहा, मग शोधा

ही चूक अनुभवी माणसंही करतात. मजकूर वाचायचा, काहीतरी खटकलं की 'ही बघा खूण' म्हणायचं. एखाद्याला तीन-तीनची यादी खटकते, दुसऱ्याला 'केवळ… नव्हे तर…', तिसऱ्याला जास्तीची शुद्ध भाषा, चौथ्याला कुठलंही लांब आडवं चिन्ह.

समजा डोक्यात अशा २० खुणा आहेत. प्रत्येक खूण माणसाने लिहिलेल्या शंभर परिच्छेदांपैकी फक्त पाचांतच आढळते, म्हणजे तशी बऱ्यापैकी काटेकोर आहे. या खुणा एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर अस्सल माणसाच्या परिच्छेदात त्यांपैकी किमान एक सापडण्याची शक्यता ६४ टक्के येते. शोधणाऱ्याला दहापैकी सहा वेळा काहीतरी हाती लागणारच, आणि लिहिणारा दर वेळी निर्दोष असेल.

लांब लेखात यावर एक बचाव असतो. खूण एकदा दिसली तर पुढे पुन्हा येते का, हे बघता येतं. खरी सवय परत परत डोकावते, योगायोग बहुधा एकदाच. पाच ओळींत दुसरी संधीच मिळत नाही. म्हणून मजकूर उघडण्याआधी दोन किंवा तीनच खुणा कागदावर लिहून ठेवा आणि बाकी काही खटकलं तरी हिशेबात धरू नका. आपणच आपल्याला घातलेला हा लगाम सुरुवातीला जाचतो. सवय झाली की आधी किती सहज निकाल देत होतो, याची भीती वाटते.

ज्या लोकांनी भाषा पुस्तकातून किंवा वर्गात शिकली आहे, त्यांच्याबद्दल इथेच सांगायला हवं. ते सुरक्षित शब्द वापरतात, ठरलेली वाक्यरचना वापरतात, कारण चूक होऊ नये अशी त्यांची धडपड असते. असं लिखाण पुढचा शब्द ओळखायला सोपं असतं आणि सॉफ्टवेअरला नेमकं तेच यंत्राचं वाटतं. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात सॉफ्टवेअर्सना दिले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले गेले. ते निबंधही छोटेच होते. जिथे मजकूर छोटा आणि लिहिणारा दुसऱ्या भाषेत लिहिणारा, तिथे मी सॉफ्टवेअरचा आकडा बघतसुद्धा नाही.

चौथी पायरी: शंभरांचा हिशेब मांडा

खूण कितीही चांगली असली, तरी मुळात यंत्राचे मजकूर किती येतात यावर तिचा अर्थ ठरतो. प्रत्यक्ष आकडे घेऊन बघू. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं तपासणीचं साधन आणलं. त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या अवघड इंग्रजी चाचणीसंचात ते यंत्राचे २६ टक्के मजकूर पकडतं आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरांवर चुकून यंत्राचा शिक्का मारतं. हजार अक्षरांपेक्षा छोट्या मजकुरावर ते फारच बेभरवशाचं आहे, हेही त्यांनीच सांगितलं. वरचा धावण्याचा परिच्छेद या हजारांच्या निम्म्यालाही पोचत नाही. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचं कारण देऊन त्यांनी ते साधन बंद केलं. यंत्र ज्यांनी बनवलं, त्यांचीच ही गत.

आता धरा की तुमच्याकडे १०० मजकूर आले आणि त्यातले २० यंत्राचे आहेत. २० चे २६ टक्के, म्हणजे साधारण ५ पकडले गेले. उरलेल्या ८० माणसांचे ९ टक्के, म्हणजे साधारण ७ जणांवर खोटा शिक्का. एकूण १२ शिक्के, त्यातले ७ निर्दोष. ज्याच्यावर बोट ठेवलं, तो दोषी असण्यापेक्षा नसण्याचीच शक्यता जास्त. आणि हे तर छोट्या मजकुराची अडचण हिशेबात न घेता.

हा हिशेब प्रत्येक नवीन माणसाने एकदा स्वतःच्या आकड्यांनी कागदावर करावा. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर '९२%' दिसतं तेव्हा ते 'हा माणूस खोटं बोलण्याची शक्यता ९२ टक्के' असं वाचलं जातं. तसा त्याचा अर्थ नसतो. तुमच्याकडच्या १०० मजकुरांत यंत्राचे किती, हे त्या सॉफ्टवेअरला माहीतच नसतं.

पाचवी पायरी: त्याच हातचा आणखी मजकूर मिळवा

यातून बाहेर पडायचा एक खरा मार्ग आहे, आणि तो म्हणजे जास्त मजकूर. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या दिवशीच्या पंधरा-वीस छोट्या नोंदी एकत्र केल्या, तर एकाच बैठकीत लिहिलेल्या तेवढ्याच लांबीच्या लेखापेक्षाही त्या अनेकदा जास्त सांगतात, कारण विषय आणि मूड बदलत राहतात आणि जे टिकतं ती सवय असते. पण दोन गोष्टी सांभाळा. सगळं त्याच माणसाचं आहे याची खात्री हवी, कारण मधल्या दोन नोंदी दुसऱ्या कुणी लिहिल्या असतील तर तुम्ही दोघांची सरासरी मोजत बसाल. आणि लिखाणाचा प्रकार एकच हवा. माणूस मित्राला लिहितो तसं अर्जात लिहीत नाही, म्हणून त्याच्या गप्पांशी अर्जाची तुलना केली की अर्ज परकाच वाटणार.

हेही मिळालं नाही, तर मजकुराच्या बाहेर बघा. जुने खर्डे, दुरुस्त्यांचा इतिहास, आणि सगळ्यात साधं म्हणजे समोर बसून बोलणं: "हे वाक्य असं का लिहिलंत?" एवढं शांतपणे विचारलं, तर पाच ओळींच्या शैलीतून निघणार नाही इतकं पाच मिनिटांत कळतं. फक्त विचारताना सूर चौकशीचा नको. घाबरलेला माणूस स्वतःचं लिखाणही धड समजावू शकत नाही.

काही प्रकारच्या छोट्या मजकुरांना तर मी हातच लावत नाही. अभिनंदन, आभार, सांत्वन, 'अर्ज मिळाला, कळवतो' अशा ओळी सगळेजण जवळजवळ सारख्याच लिहितात आणि यंत्र त्या सगळ्यांवरूनच शिकलेलं आहे. माणसाची ओळ आणि यंत्राची ओळ शब्दशः एकच असू शकते. तिथे फरक शोधायला जागाच नसते, साधन कितीही सुधारलं तरी.

अपवाद एकच. कधी कधी चिकटवताना यंत्राची स्वतःची ओळ राहून जाते, 'एक भाषा मॉडेल म्हणून मी…' किंवा 'हा घ्या तुमचा सुधारित परिच्छेद'. याला शैलीचा अंदाज लागत नाही, शब्द समोरच असतात. तरी त्यातून एवढंच कळतं की ती ओळ यंत्राकडून आली. माणसाने आपलाच मजकूर फक्त शुद्धलेखन तपासायला दिला असेल, तरी अशी ओळ मागे राहू शकते.

शेरा कसा लिहायचा

शेऱ्याला तीन रकाने ठेवा: 'माणसाचा', 'यंत्राचा' आणि 'सांगता येत नाही'. पन्नास-शंभर शब्दांच्या मजकुरांत तिसरा रकाना सगळ्यात जास्त भरला पाहिजे. तो रिकामा राहत असेल, तर तपासणी चुकतेय असं समजा. शेऱ्यासोबत शब्दसंख्या, आधी लिहून ठेवलेल्या खुणा आणि पूर्णविराम हलवल्यावर काय झालं, हे लिहा. वरच्या धावण्याच्या परिच्छेदावरचा माझा शेरा असा असता: '५० शब्द. तपासलेली खूण वाक्यांची लांबी. एका पूर्णविरामाने पसारा ०.७ वरून २.८. खूण बाद. याच व्यक्तीचं आणखी लिखाण मिळालं नाही. सांगता येत नाही.' मागणाऱ्याला हे आवडत नाही आणि तो पुन्हा विचारतो, "पण तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा मी तोच कागद त्याच्यासमोर ठेवतो आणि चौथ्या वाक्यातला 'आणि' त्याच्या हाताने खोडायला लावतो.